निवेदकाचा आवाज : कोरेमपासून कोपीपर्यंत

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा गाण्यांचा महाकार्यक्रम चालू असताना डेव्हिड बोवी या गायकाने आपले एक गाणे कमी केले आणि त्या वेळात एक चित्रफीत दाखवावी असे सुचवले. कॅनडाच्या दूरचित्रवाणीने इथिओपियात टिपलेली दुष्काळाची दृश्ये तीत होती. त्यांच्यामागे ‘द कार्स’ या चमूचे ‘ड्राइव्ह’ हे प्रेमगीत लावलेले होते. निवेदन असे नव्हतेच. ही मुले कोण, कोणत्या गावची, त्यांच्यावर ही वेळ का आली, पाठवलेल्या पैशाचे नेमके काय होणार, यांपैकी एकही गोष्ट त्या फितीत सांगितलेली नव्हती. तरीही ती पाहून देणग्यांचे दूरध्वनी एकदम वाढले. दानासाठी केलेल्या चित्रपटांच्या इतिहासात एवढी यशस्वी आणि एवढी मुकी फीत दुसरी आमच्या माहितीत नाही.

त्या फितीत एका मरणासन्न मुलीचा चेहरा होता. ती पंधरा मिनिटेही जगणार नाही, असे तेथील परिचारिकेने सांगितले होते. मुलगी जगली. तिचे नाव बिरहान वोल्दू. २ जुलै २००५ रोजी ‘लाइव्ह ८’च्या वेळी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ती स्वतः व्यासपीठावर आली, तेव्हा त्या चेहऱ्याचे नाव जगातील बहुसंख्य प्रेक्षकांनी पहिल्यांदा ऐकले. चेहरा जगभर पोचला आणि नाव पोचायला वीस वर्षे लागली! आम्ही साहित्याचे अध्यापक असल्यामुळे असेल, पण या वीस वर्षांचा हिशेब आम्हांला निवेदनाच्या संहितेत शोधावासा वाटतो.

या साऱ्याचा आरंभ २३ ऑक्टोबर १९८४ च्या बीबीसी-वृत्तात झाला. मायकेल बर्क हे वार्ताहर आणि नैरोबीचे छायाचित्रक मोहम्मद अमीन यांनी कोरेम आणि मेकेले येथील छावण्यांतून ते वृत्त आणले. बर्क यांचे निवेदन वृत्तलेखनाचा नमुना म्हणून आजही अभ्यासले जाते, आणि ते योग्यच आहे. आवाज संथ, वाक्ये लहान, विशेषणे बेताची. पहाटेच्या गारठ्यात पठारावर बसलेला तो समुदाय पाहून त्यांनी बायबलातील दुष्काळाची उपमा दिली. ही उपमा विलक्षण परिणामकारक ठरली, आणि आमच्या मते सारा घोटाळाही तिच्यातच आहे. बायबलातील दुष्काळ देवाने धाडलेला असतो, त्याला सरकार नसते, सेनापती नसतो, साल नसते. इथिओपियातील दुष्काळाला ही तिन्ही होती. पाऊस पडला नव्हता हे खरे. परंतु तिग्रे आणि एरिट्रिया या भागांत मेंगिस्टू यांच्या लष्करी राजवटीची बंडखोरांशी लढाई चालू होती, धान्याची वाट त्या लढाईने अडवली होती, आणि सप्टेंबर १९८४ मध्ये राजधानीत क्रांतीच्या दशकपूर्तीचा सोहळा थाटात पार पडला होता. पुढे उत्तरेतील लोकांना सक्तीने दक्षिणेकडे हलवण्यात आले. त्याविरुद्ध जाहीर बोलल्याबद्दल डॉक्टरांच्या एका फ्रेंच संस्थेला डिसेंबर १९८५ मध्ये देश सोडावा लागला. मदत देणाऱ्या प्रेक्षकाला यातले फारसे ठाऊक नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे आभाळ, माती आणि भुकेले लोक एवढेच होते.

येथे बर्क यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांनी वृत्त दिले होते, पैसे मागितले नव्हते. मागणी नंतरच्यांनी केली. त्यांनी त्या वृत्ताची प्रतिमासृष्टी उचलली आणि शब्द मात्र गाळले.

या प्रकाराविरुद्धचा विचार तोपर्यंत सुरू झालेला होता. १९८१ सालीच यॉर्गन लिसनर यांनी, भुकेल्या मुलांची चित्रे दाखवून निधी गोळा करणाऱ्या संस्थांना दुःखाचे व्यापारी म्हणावे अशा अर्थाचा लेख लिहिला होता. त्यांची तक्रार चित्र खोटे असल्याची नव्हती. माणसाचे शरीर आणि त्याची व्यथा त्याला न विचारता उघडी मांडली जाते, ही होती. १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी प्रतिमा आणि संदेश यांविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. माणसांना केवळ परावलंबी दाखवू नये, दारिद्र्याची कारणे सांगावीत, लोकांना स्वतः बोलू द्यावे, असा तिचा रोख होता. संहिता चांगली आहे. मात्र निधी उभारणाऱ्या माणसाची खरी अडचण ती सोडवत नाही.

ती अडचण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वच्छ दिसते. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या अभ्यासकांनी सहभागींना एका पाहणीबद्दल पाच डॉलर दिले आणि मग त्यांतून दान मागितले. काहींना आफ्रिकेतील उपासमारीची आकडेवारी वाचायला दिली. काहींना माली देशातील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचे छायाचित्र आणि माहिती दिली. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाविषयी वाचणाऱ्यांनी २.३८. रोकियाच्या जोडीला आकडेवारीही दिली तेव्हा दान वाढले नाही, ते १.४३ वर उतरले. प्रयोग लहान रकमांचा आणि एका बैठकीतला आहे, त्यावरून देणगीदाराच्या आयुष्यभराच्या वर्तनाचे सिद्धान्त काढू नयेत. पण निवेदनलेखकापुढचा पेच त्यातून कळतो. कारणे सांगावीत तर हात आखडतो, आणि नुसता चेहरा दाखवावा तर बिरहानचे झाले तसे होते.

या पेचातून वाट आहे, असे आम्हांला एका प्रत्यक्ष कामामुळे वाटू लागले. काही वर्षांपूर्वी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने चार मिनिटांच्या फितीचे निवेदन तपासायला आमच्याकडे पाठवले. दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, कोपीत राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुले गावी आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांच्या संध्याकाळच्या जेवणासाठी निधी हवा होता. निवेदनाचा आरंभ ‘ही दुर्दैवी चिमुकली लेकरे’ असा होता आणि शेवट ‘आपल्या एका मदतीने त्यांचे आयुष्य उजळेल’ असा.

विशेषणांवर आम्ही लगेच काट मारली, ते सोपे होते. दुसऱ्या वाचनात जे दिसले ते अस्सल मराठी व्याकरणातले होते, कोणत्याही युरोपीय संहितेत सापडणार नाही असे. फितीत संस्थेचे कार्यकर्ते ‘सांगतात’, डॉक्टर ‘म्हणतात’; परंतु सत्तरी ओलांडलेली आजी ‘सांगते’, फडावरचा बाप ‘म्हणतो’. आदरार्थी अनेकवचन केवळ देणाऱ्यांच्या वाट्याला आले होते. लिहिणाऱ्याच्या मनात अपमानाचा हेतू अजिबात नव्हता, म्हणूनच तर हे अधिक बोलके. इंग्रजी निवेदनात क्रियापद सर्वांना सारखेच लागते. मराठीत मात्र प्रत्येक वाक्यागणिक निवेदकाला समोरच्याची पायरी ठरवावी लागते. (‘आजी’ला आपण घरात एकेरीत हाक मारतो, तेव्हा ‘सांगते’ हे जिव्हाळ्याचे नाही का, असे एका सहकाऱ्याने विचारले. ती आजी आपली असेल तर होय, असे आमचे उत्तर होते.)

दुसरा प्रश्न कारणांचा. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवराबायकोच्या जोडीची ‘एक कोयता’ म्हणून होणारी गणना, टनावर मिळणारी मजुरी, हे सारे चार मिनिटांत मावत नाही. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे गेले की निवेदन दृश्यावर चढून बसते. तेव्हा कारण आकड्यांत न सांगता आजींच्याच तोंडी एका वाक्यात ठेवले: लेकाने उचल घेतली आहे, ती फिटेपर्यंत त्याला जावेच लागते. रोकियाच्या शेजारी आकडेवारी ठेवली की दान घटते हे खरे. पण कारण म्हणजे आकडेवारी नव्हे. कारण हा त्या माणसाच्याच गोष्टीचा भाग असतो.

तिसरा प्रश्न मागणीचा. ‘आयुष्य उजळेल’ या वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण ते तपासता येत नाही. समजा, चाळीस मुले आहेत, एका जेवणाला तीस रुपये लागतात आणि हंगाम दीडशे दिवसांचा आहे. म्हणजे एका मुलाला महिन्याला ९०० रुपये आणि साऱ्यांना हंगामाला १,८०,००० रुपये. आता ‘नऊशे रुपयांत ह्या मुलाला महिनाभर जेवण’ असे म्हणण्याचा मोह होतो. ते खोटे ठरते. पैसे एकाच पातेल्यात जातात, पडद्यावरच्या मुलाच्या ताटात नव्हे. मुलांना दत्तक घेण्याच्या योजनांची ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९९८ मध्ये तपासणी केली, तेव्हा मरण पावलेल्या मुलाच्या नावाने देणगीदाराकडून पैसे येत राहिल्याचे उघड झाले होते, एका चेहऱ्याला एक रक्कम बांधली की असा अपघात कधीतरी होतोच. म्हणून वाक्य असे केले: ‘एका मुलाच्या महिनाभराच्या संध्याकाळच्या जेवणाला नऊशे रुपये लागतात. आम्हांला चाळीस मुलांची सोय एप्रिलपर्यंत करायची आहे. याने त्यांच्या आईवडिलांचे जाणे थांबणार नाही. ती मुले मात्र रात्री जेवून झोपतील.’ मधले नकाराचे वाक्य गाळावे असे संस्थेतील काहींना वाटत होते. आमचा आग्रह ते ठेवण्याचा होता, कारण जो माणूस आपल्या कामाची मर्यादा आपण होऊन सांगतो त्याचा उरलेला शब्दही खरा वाटतो.

तयार फीत प्रथम गावातच दाखवावी, ही अट आम्ही घातली होती. संमतीच्या कागदावर अंगठा आधीच घेतलेला होता, परंतु चित्रीकरणापूर्वी दिलेला होकार हा न पाहिलेल्या गोष्टीला दिलेला होकार असतो. देवळासमोर पडदा बांधून ती दाखवली गेली. आजींनी ती दोनदा पाहिली. उचलीचे वाक्य राहू द्या म्हणाल्या. हरकत घेतली ती वेगळ्याच दृश्याला. चुलीपुढे त्या फाटक्या पदराने डोळे पुसत आहेत, असे तीन-चार सेकंदांचे दृश्य होते आणि निवेदक तेथे मुद्दाम थांबला होता. धूर डोळ्यांत गेला होता, त्या म्हणाल्या, रडत नव्हते मी. दृश्य काढले. त्या जागी त्यांनी सांगितलेले दुसरे घातले: नातवाची वही तपासत त्या बसल्या आहेत. अक्षरे येत नाहीत, तरी पाने किती भरली ते त्या मोजतात.