क्लायंटचं पेमेंट लांबलं तर? फ्रीलान्सरचा बफर आणि फॉलो-अप

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. फ्रीलान्सरने मात्र आधी आपल्याकडे पैसे नेमके किती दिवसांनी येतात, हे मोजायला हवं.

समजा, पुण्यातल्या एका ग्राफिक डिझायनरने 1 जूनला काम सुरू केलं आणि 30 जूनला बिल पाठवलं. मुदत 30 दिवसांची, म्हणजे पैसे 30 जुलैला यायला हवेत. प्रत्यक्षात ते 20 ऑगस्टला आले. काम सुरू केल्यापासून हे झाले 80 दिवस, आणि तेवढ्यात घरभाडं तीनदा द्यावं लागलं. महिन्याचा खर्च 25 हजार असेल आणि हा एकच क्लायंट असेल, तर बफर 75 हजारांचा हवा. मागच्या पाच-सहा बिलांच्या तारखा बँकेतल्या नोंदींशी ताडून पाहा आणि सरासरी न घेता सगळ्यात लांबलेलं बिल धरा. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. सगळी कमाई तिथेच जमा करून स्वतःला दरमहा ठरावीक 25 हजार ‘पगार’ दिला, तर चांगल्या महिन्यातली जास्तीची रक्कम आपोआप साठते.

आता फॉलो-अप. बऱ्याचदा पैसे अडवलेले नसतात, बिलच अकाउंट्सपर्यंत पोहोचलेलं नसतं किंवा त्यावर पीओ नंबर नसतो. म्हणून पहिला मेल मुदतीच्या पाच दिवस आधीच करा: “नमस्कार मॅडम, 30 जूनचं बिल सोबत पुन्हा जोडलं आहे. माझ्याकडून काही कागदपत्रं बाकी आहेत का?” यात तगादा वाटत नाही आणि चूक असेल तर वेळेत कळते.

मुदत उलटल्यावर तीन दिवसांनी त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा, अकाउंट्सलाही सीसीमध्ये ठेवा. आठवड्याने फोन करा. ‘पैसे कधी मिळतील?’ याला ‘लवकरच’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘पुढची पेमेंट सायकल कोणत्या तारखेची आहे, त्यात माझं बिल आहे का?’ असं विचारा. मिळालेली तारीख लगेच मेलवर लिहून ठेवा. (रक्कम थोडी कमी आली तर भांडण्याआधी टीडीएस कापलाय का ते फॉर्म 26एएसमध्ये पाहा.)

तरीही हालचाल नसेल तर ‘उद्यम’ नोंदणी कामी येते. ती मोफत आहे, पण काम घेण्याआधी केलेली बरी. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर कायद्याने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटलेलं बिल 31 मार्चलाही थकलेलं असेल, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला उद्यम क्रमांकासह पाठवलेली साधी आठवण अकाउंट्सवाले सहसा बाजूला ठेवत नाहीत.

तक्रार ऑनलाइन करता येते, पण निकालाला वेळ लागतो आणि तो क्लायंट बहुधा तुटतो. त्याआधी एक करता येतं: जुनं बिल मिळेपर्यंत नवीन काम हाती घेऊ नका आणि ते मेलवर नम्रपणे कळवा.