अमळनेरचे दोन शेअर आणि बोनसचा हिशेब

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात १९४५ साली मोहम्मद हुसेन प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हे त्या कंपनीचे नाव. पुढे तिचीच ‘विप्रो’ झाली. अमळनेरातल्या अनेक घरांत तिचे शेअर पिढ्यानपिढ्या आहेत आणि त्यांच्यामुळे माणसे कोट्यधीश झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आपण वाचल्या आहेत. बातमी नेहमी ‘इतक्याचे तितके झाले’ इथेच थांबते. ते शेअर विकताना आयकराच्या विवरणपत्रात खरेदीची किंमत काय लिहायची, हे बातमीत नसते. आणि खरा घोळ तर तिथेच आहे.

आधी शेअर कसे वाढले ते पाहू. १९९७ च्या सुरुवातीला कोणाकडे विप्रोचे दहा रुपये दर्शनी किमतीचे फक्त दोन शेअर होते असे समजा. त्या वर्षी एकास दोन बोनस आला, दोनाचे सहा झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, म्हणजे सहाचे तीस. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन बोनस मिळून नव्वद, २००५ मध्ये एकास एक मिळून एकशे ऐंशी. २०१० मध्ये तीन शेअरांमागे दोन मिळाले, तीनशे झाले. २०१७ च्या एकास एक बोनसने सहाशे, २०१९ मध्ये तिनास एक मिळून आठशे आणि डिसेंबर २०२४ च्या एकास एक बोनसने सोळाशे. दोनाचे सोळाशे. या साखळीत एक स्प्लिट आणि सात बोनस आहेत. भागधारकाला दोन्हींत फरक दिसत नाही, खात्यातला आकडा वाढतो आणि भाव त्या प्रमाणात उतरतो. कायद्याला मात्र हा फरक फार मोठा वाटतो, आणि तो कायमच तसा वाटत होता असेही नाही.

स्प्लिट म्हणजे त्याच भाकरीचे तुकडे. १९९९ च्या स्प्लिटआधी एखाद्या शेअरची खरेदी चारशे रुपयांना झाली असेल, तर नंतरच्या पाच शेअरांपैकी प्रत्येकाची खरेदी किंमत ऐंशी रुपये. खरेदीची तारीख मात्र जुनीच राहते, कारण नवे काही मिळालेलेच नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५५ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे आणि त्यावर फारसे कोणी भांडलेले दिसत नाही.

बोनसवर मात्र भांडण झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ चा ‘दालमिया इन्व्हेस्टमेंट’ खटला हा त्यातला मैलाचा दगड. न्या. हिदायतुल्ला यांनी त्यात बोनस शेअरची किंमत ठरवण्याच्या वेगवेगळ्या वाटा एकेक करून तपासल्या. हिदायतुल्ला म्हणजे आपल्या नागपूरचेच म्हणायला हवेत. शिक्षण तिथल्या मॉरिस कॉलेजात, वकिलीही तिथेच आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद. एक वाट अशी की दर्शनी किंमत हीच बोनसची किंमत मानावी. दुसरी अशी की खिशातून काही गेलेच नाही, तर किंमत शून्य. तिसरी, बोनसमुळे जुन्या शेअरचा भाव जितका पडला तितकी रक्कम बोनसच्या नावावर टाकावी. आणि चौथी, जुन्या शेअरची किंमत जुन्या-नव्या सर्वांवर सारखी वाटून टाकावी. जुने आणि बोनस शेअर समान हक्कांचे असतील तर ही वाटून टाकण्याची सरासरीच योग्य, असे न्यायालयाने ठरवले. विचार सरळ होता. बोनसमध्ये कंपनी आपल्या गंगाजळीतली रक्कम भांडवलात घालते, भागधारकाच्या हाती नवी संपत्ती येत नाही. आधी त्याच्याकडे जे होते तेच आता जास्त कागदांवर लिहिलेले असते.

म्हणजे १९६४ च्या दृष्टीने बोनस आणि स्प्लिट हे जवळजवळ भाऊच. मग सरासरीला पहिला अपवाद कधी निघाला? १९७१ च्या ‘शेखावाटी जनरल ट्रेडर्स’ खटल्यात. तेव्हा कायद्याने १ जानेवारी १९५४ ही आधारतारीख ठरवली होती. त्याआधीच्या मालमत्तेसाठी खऱ्या खरेदी किमतीऐवजी त्या दिवसाचा बाजारभाव धरण्याची मुभा होती. प्रश्न असा आला की त्या दिवसानंतर बोनस मिळाला असेल तर तो बाजारभावही वाटून कमी करायचा का. न्यायालयाने नाही म्हटले. कायद्याने १९५४ चा भाव घ्यायला सांगितले आहे, तर नंतर काय घडले याचा त्याच्याशी संबंध नाही. आधारतारीख पुढे १९६४, १९७४, १९८१ आणि आता २००१ अशी सरकत आली, पण तर्क तोच राहिला. आजच्या गोंधळाचे मूळही इथेच सापडते.

१९९५ च्या वित्त कायद्याने सरासरीच मोडीत काढली. १९९६-९७ या करनिर्धारण वर्षापासून फुकट मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य आणि मूळ शेअरची किंमत जी दिली तीच, पूर्ण. बोनसचा धारणकाळही तो मिळाल्याच्या दिवसापासून मोजायचा. म्हणजे हिदायतुल्लांनी तपासून बाजूला ठेवलेली दुसरी वाट संसदेने राजरस्ता केली. हिशेब सोपा झाला, हे मान्य करायला हवे, कारण दर बोनसला जुनी किंमत नव्याने वाटत बसायला नको. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो वाकडा झाला, असे माझे मत आहे. एकास एक बोनसनंतर भाव निम्मा होतो, मूळ शेअरची किंमत मात्र तशीच राहते. म्हणून तो लगेच विकला तर कागदावर तोटा दिसतो. या फटीचा फायदा घेणाऱ्यांना अडवायला २००४ मध्ये म्युच्युअल फंडाच्या युनिटांसाठी आणि २०२२ मध्ये शेअरसाठीही वेगळे कलम आणावे लागले. बोनसच्या आधीच्या तीन महिन्यांत खरेदी करून, बोनस राखून ठेवून नऊ महिन्यांच्या आत मूळ शेअर विकले, तर तो तोटा धरला जात नाही.

मधल्या काळात लोक हे सारे विसरले, त्यालाही कारण होते. ऑक्टोबर २००४ ते मार्च २०१८ या काळात शेअर बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. कर नाही तर खरेदीची चिठ्ठी कोण जपणार? २०१८ मध्ये कर परत आला, तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा वाचवण्यासाठी एक सवलत दिली गेली. त्या दिवशी हातात असलेल्या शेअरसाठी त्या दिवसाचा बाजारातला सर्वांत चढा भाव आणि विक्रीचा भाव यांपैकी जो कमी तो घ्यायचा. मग तो आणि खरी खरेदी किंमत यांपैकी जो जास्त, तीच खरेदी किंमत.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. २०१५ मध्ये एकाने विप्रोचे ३०० शेअर ५४० रुपयांनी घेतले, एकूण १,६२,००० रुपये. २०१७ मध्ये ३०० बोनस मिळाले, २०१९ मध्ये २००, २०२४ मध्ये ८००. जानेवारी २०२६ मध्ये त्याने सगळे १६०० शेअर २५० रुपयांनी विकले आणि ४,००,००० रुपये आले. तेव्हा २०२४ च्या बोनसलाही वर्ष उलटून गेले होते, म्हणून सगळा नफा दीर्घकालीन. ३१ जानेवारी २०१८ चा भाव ३०० रुपये धरू.

या सोळाशे शेअरांचे चार ढीग करावे लागतात. २०१५ च्या ३०० शेअरांची खरी किंमत ५४०, ती २५० पेक्षा जास्त, म्हणून ५४० च धरायची. इथे शेअरमागे २९० रुपये, एकूण ८७,००० रुपयांचा तोटा. २०१७ चे ३०० बोनस शेअर खरे तर शून्य किमतीचे, पण ३१ जानेवारी २०१८ ला ते हातात होते, म्हणून सवलत त्यांनाही लागू. ३०० आणि २५० यांत कमी २५०, तीच खरेदी किंमत, म्हणून नफा काही नाही. २०१९ चे २०० आणि २०२४ चे ८०० त्या तारखेनंतरचे, त्यांची किंमत शून्य, म्हणून हजार शेअरांवर पूर्ण २,५०,००० रुपये नफा. तोटा वजा जाता १,६३,००० उरतात. सव्वा लाखाची सूट गेल्यावर ३८,००० रुपयांवर साडेबारा टक्के, म्हणजे ४,७५० रुपये आणि वर उपकर.

गुंतवणुकीचे ॲप या माणसाला वेगळेच सांगेल. बहुतेक ॲप १,६२,००० ला १६०० ने भागून सरासरी १०१ रुपये २५ पैसे दाखवतात. मालकाला आपण कुठे आहोत हे कळायला ती ठीक आहे, किंबहुना १९६४ च्या निकालाच्या जवळची आहे. पण १९९६ पासून करासाठी ती निरुपयोगी आहे. त्याने फक्त ३०० शेअर विकले असते तर ॲपच्या हिशेबाने ४४,६२५ रुपये नफा झाला असता. कायद्याने मात्र डिमॅट खात्यातून जे आधी आले ते आधी गेले असे धरायचे. म्हणजे २०१५ चेच शेअर गेले आणि ८७,००० रुपये तोटा. एकाच विक्रीत एका हिशेबाने नफा, दुसऱ्याने तोटा!

जुना भाव आलेखावरून उचलणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. संकेतस्थळांवरचे जुने आलेख नंतरचे बोनस आणि स्प्लिट दोन्ही वजा करून काढलेले असतात. आपल्या उदाहरणातला २०१८ चा ३०० रुपयांचा भाव २०१९ आणि २०२४ च्या बोनसनंतर आलेखावर ११२ रुपये ५० पैसे दिसेल. तो घेतला तर २०१७ च्या बोनस शेअरांवर नसलेला नफा निघेल. त्या दिवसाचा प्रत्यक्ष भाव शेअर बाजाराच्या त्या तारखेच्या भावपत्रकातच पाहावा. आलेखातला आकडा आणि पत्रकातला आकडा जुळला नाही, तर मध्ये काहीतरी झाले आहे हे ओळखावे आणि ते बोनस होते की स्प्लिट, हे आधी शोधावे.

कारण स्प्लिट असेल तर उलट वागायचे असते. टाटा स्टीलने २०२२ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे दहा केले. ३१ जानेवारी २०१८ चा भाव ७०० रुपये धरला आणि आता १५० ला विकले, तर ७०० चे दहा भाग करून ७० रुपये खरेदी किंमत आणि शेअरमागे ८० रुपये नफा. दहाने भागायचे राहिले तर ७०० आणि १५० यांत कमी १५० निघते, नफा शून्य दिसतो आणि मग खात्याची नोटीस येते. विप्रोच्या बोनसमध्ये २०१८ चा भाव भागणे चूक, टाटा स्टीलच्या स्प्लिटमध्ये न भागणे चूक.

हे सारे १९६१ च्या कायद्याच्या भाषेत सांगितले, कारण निकाल त्याच भाषेत आहेत आणि उदाहरणातली विक्रीही त्याच कायद्याच्या काळातली आहे. नवा आयकर कायदा एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अमळनेरातल्या एखाद्या घरात अजून कागदी प्रमाणपत्रे असतील, तर त्यांच्या मागच्या बाजूला प्रत्येक बोनसची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवलेली बरी. मुलांना वारसाने शेअर मिळतात तेव्हा खरेदी किंमतही आधीच्या मालकाचीच लागते.