व्हॉट्सॲपवरचं दुकान पार्टटाइम मुलाकडे देताना: चावी कोणाकडे, फोन कधी करायचा?

सुरत : रिंग रोडच्या कापड बाजारातला माल नंदुरबार, धुळे, जळगावपर्यंत जातो आणि त्याच्या ऑर्डरी आता बऱ्याचशा व्हॉट्सॲप बिझनेसवरच ठरतात. साड्यांचे फोटो, भाव, बँक खात्याचा नंबर, पार्सलची बिल्टी असं सगळं एकाच चॅटमध्ये असतं. उधना, लिंबायत, डिंडोली भागात राहणारी कॉलेजची मुलंमुली संध्याकाळी दोन-तीन तास हे खातं सांभाळायला येतात. काम सोपं वाटतं, म्हणून मालक मोबाईल हातात देतो आणि म्हणतो, "घे, मेसेज बघत जा." धोका तिथूनच सुरू होतो.

हे खातं दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, तर त्याला दुकानाच्या बँकेत शिरायची गरजच पडत नाही. तो जुन्या पार्टींना दुकानाच्याच नावाने लिहितो, "आमचं खातं बदललंय, पेमेंट या नंबरवर टाका." नंबर ओळखीचा असल्यामुळे पार्टी पैसे टाकून मोकळी होते.

मुख्य फोन मालकाकडेच

ज्या फोनवर दुकानाच्या नंबरने व्हॉट्सॲप नोंदवलेलं आहे, तो मुख्य फोन. तो आणि त्यातलं सिमकार्ड मालकाकडेच राहिलं पाहिजे. मुलाला दुकानाच्या कॉम्प्युटरवर `web.whatsapp.com` उघडून द्यावं. मुख्य फोनमधल्या `Linked devices` मध्ये जाऊन मालकाने स्वतः क्यूआर कोड स्कॅन केला की काम सुरू होतं. अशी चार उपकरणं जोडता येतात. मुलगा काम सोडून गेला किंवा कॉम्प्युटर बिघडून दुरुस्तीला गेला, तर त्याच यादीतून ते उपकरण मालकाला लॉग आउट करता येतं. मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरलाच नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात.

याला एक मर्यादा आहे. जोडलेल्या कॉम्प्युटरवर मालकाच्या फोनमधल्या इतर चॅटही दिसतात. 'फक्त ऑर्डरी बघ, बाकी नको' अशी सोय तिथे नाही. त्यामुळे ज्या नंबरवर घरच्या गप्पा आणि उधारीचे हिशेब चालतात, तो नंबर ऑर्डरीसाठी ठेवू नये. दुकानासाठी वेगळं सिम घेणं हाच सरळ उपाय.

दुसरं कुलूप म्हणजे सहा आकडी पिन. सेटिंग्जमध्ये `Account` आणि त्यात `Two-step verification` इथे तो ठेवता येतो. पिनसोबत ईमेल पत्ताही टाकावा, म्हणजे पिन विसरला तर नवा घेता येतो. हा पिन मुलाला सांगायचा नाही. त्याच्या कामात तो लागतच नाही.

फेसबुक पेजचंही तसंच. पासवर्ड देण्यापेक्षा मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने जोडावं आणि मेसेजला उत्तर देण्यापुरताच अधिकार द्यावा. पूर्ण ताबा मालकाकडे ठेवावा.

भिंतीवरची यादी

यादी छोटी असेल तरच रोज वाचली जाते. काम सुरू करताना तीन गोष्टी: आजचा भाव आणि शिल्लक माल मालकाकडून घेणे, काल अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी बघणे, मुनीमजी किती वाजेपर्यंत आहेत ते विचारणे. उठताना तीन: प्रत्येक ऑर्डर वहीत उतरवणे, उत्तर न दिलेल्या चॅटला लेबल लावणे, कॉम्प्युटरला स्क्रीन लॉक लावणे. मालकाची आठवड्याची एकच खूण: `Linked devices` उघडून अनोळखी उपकरण जोडलेलं नाही ना, हे बघणे.

काय स्वतः, काय विचारून, कधी लगेच फोन

मुलाला सगळ्यात जास्त अडचण इथे येते. म्हणून प्रत्येक मेसेज तीनपैकी एका खान्यात टाकायला शिकवावं.

पहिला खाना स्वतः उत्तर द्यायचा: फोटो, ठरलेला भाव, दुकानाची वेळ, बिल्टीचा फोटो.

दुसरा खाना विचारून उत्तर द्यायचा: भावात सूट, उधारी, परत आलेला माल, वेगळ्या पत्त्यावर पार्सल. इथे ग्राहकाला एकच वाक्य लिहायचं, "शेठना विचारून सांगतो."

तिसरा खाना काहीही न लिहिता लगेच फोन करायचा: कोणी ओटीपी मागितला, जोडणीचा आठ अक्षरी कोड फोनमध्ये टाकायला सांगितला, बँक खातं बदलल्याचा विषय निघाला, किंवा आपण न पाठवलेला मेसेज चॅटमध्ये दिसला.

याबरोबर एक नियम पक्का करावा. मालकाने फोन उचलला नाही तर मुनीमजींना करायचा. दोघांनीही उचलला नाही तर उत्तर 'नाही' असं समजायचं. थांबल्यामुळे एखादी ऑर्डर गेली, तर मुलाला बोल लावायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी तो न विचारताच निर्णय घेईल.

सराव असा घ्या

समजा रात्री आठ वाजता जुन्या पार्टीच्या नावाने मेसेज आला: १८,४०० रुपये भरल्याचा स्क्रीनशॉट, आणि खाली "गाडी निघतेय, पार्सल आत्ताच टाका भाऊ." न शिकवलेला मुलगा स्क्रीनशॉट बघून पार्सल सोडेल. पण स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तो कोणालाही बनवता येतो. 'पैसे जमा' असा साधा एसएमएसही पुरावा नाही. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली तरच ती आली.

मुलाकडे बँक नसते, आणि नसावीच. म्हणून त्याने रक्कम, नाव आणि व्यवहाराचा क्रमांक मुनीमजींना फोनवर सांगायचा. त्यांनी खातं बघून "जमा" म्हटलं की पार्सल सोडायचं. तोपर्यंत ग्राहकाला उत्तर: "पेमेंट चेक करतोय, जमा दिसलं की लगेच बिल्टी पाठवतो." पहिल्या आठवड्यात मालकाने दुसऱ्या नंबरवरून असे दोन-तीन मेसेज स्वतः पाठवून बघावेत. मुलगा घाईला बळी पडतो का, ते तिथेच कळतं.

खातं गेलंच तर

मुख्य फोन अजून चालू असेल तर सगळी जोडलेली उपकरणं लगेच लॉग आउट करावीत. मुख्य फोनच बाहेर फेकला गेला असेल, तर त्याच नंबरने व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवावं. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की समोरचा बाहेर पडतो. त्याने मधल्या काळात स्वतःचा पिन लावला असेल, तर मालकाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं. पण समोरचाही आत राहत नाही.

ते सात दिवस पार्टींना सावध करायचे असतात. त्यामुळे नेहमीच्या पार्टींचे फोन नंबर वहीत लिहिलेले हवेत. साध्या कॉलवरून प्रत्येकाला सांगावं, "बँक खातं बदललेलं नाही, मेसेजवर पैसे टाकू नका." कोणाचे पैसे गेलेच असतील, तर त्याने ताबडतोब १९३० वर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. सुरत असो की नवापूर, नंबर एकच आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार पोहोचली, तरच ते रोखता येण्याची शक्यता राहते.