लोहाला परतीची वाट नाही

ज्याच्या अंगात रक्त कमी त्याला लोह द्यावे, ही गोष्ट नवी नाही. आपल्या जुन्या वैद्यकात पांडुरोगावर मंडूर आणि लोहभस्म सांगितलेले आहे. फ्रान्समध्ये बोकेर या गावच्या ब्लो नावाच्या डॉक्टरांनी १८३२ साली लोहाच्या गोळ्यांचा उपचार प्रसिद्ध केला, आणि तरुण मुलींना होणाऱ्या ‘क्लोरोसिस’ या फिकटपणाच्या रोगावर त्या गोळ्या पुढे शतकभर खपत राहिल्या. गुण येत होता हे खरे. तो का येतो, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. त्या उलगड्याचा इतिहास आज आम्ही मांडणार आहोत. कारण लोह तोंडाने घ्यावे की सुईने टोचून घ्यावे, हा आजही दवाखान्यात रोज पडणारा प्रश्न त्या इतिहासाशिवाय नीट समजत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुंगे नावाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने असे मत मांडले की, गोळीतले खनिज लोह रक्तात जातच नाही. ते आतड्यातल्या गंधकयुक्त वायूशी संयोग पावते, स्वतः वाया जाते आणि अन्नातले लोह तेवढे वाचवते. युक्तिवाद डौलदार होता, आणि मोठ्या माणसाचा असल्यामुळे लोकांनी तो मानला. एडिंबरो येथील डॉ. राल्फ स्टॉकमन यांनी १८९३ साली तो कसोटीस लावला, तोही अगदी साध्या रीतीने. काही मुलींना त्यांनी लोह कातडीखाली टोचून दिले, म्हणजे आतड्याचा संबंधच उरला नाही. काहींना आधीच गंधकाशी संयोग झालेले लोह दिले. त्याला आणखी गंधक शोषण्याची ताकदच नव्हती. आणि काहींना बिस्मथ दिले. ते गंधक शोषते, पण त्यात लोह नाही. लोह ज्यांना ज्यांना मिळाले त्यांचे रक्त वाढले. बिस्मथाने काहीही झाले नाही. बुंगे यांचा युक्तिवाद तिथेच कोसळला.

तरीही एक प्रश्न उरला. तोंडाने इतके लोह द्यावे लागते, तर त्यातले रक्ताच्या कामी येते किती? १९३२ साली बोस्टनमध्ये हीथ, स्ट्रॉस व कॅसल यांनी रुग्णांना रोज मोजून लोह टोचले आणि वाढलेल्या हिमोग्लोबिनमध्ये किती लोह आहे याचा हिशेब मांडला. जेवढे टोचले जवळजवळ तेवढेच हिमोग्लोबिनमध्ये सापडले. म्हणजे टोचलेले लोह वाया जात नाही. तोंडाने घेतलेल्याचा मात्र बराच भाग बाहेर पडतो. पण याच प्रयोगात दुसरी बाजूही दिसली. रोजची मात्रा थोडी वाढवताच रुग्णांना विषबाधेची लक्षणे होऊ लागली. मोकळे लोह रक्तात सोडणे शरीराला सोसत नाही.

मग तोंडाने घेतलेले सगळे लोह शरीर आत का घेत नाही? याचे उत्तर इंग्लंडमध्ये मॅक्कन्स आणि विडोसन यांनी १९३७ साली दिले. त्यांच्यापुढे एक विलक्षण रुग्ण होता. त्याच्या अंगात तांबड्या पेशी अतिशय वाढल्या होत्या, आणि त्या कमी करण्यासाठी पेशी फोडणारे औषध चालू होते. पेशी फुटल्या की त्यांतले पुष्कळ लोह मोकळे होते. ते मलमूत्रातून बाहेर पडायला हवे होते. या दोघांनी मोजले, तेव्हा ते बाहेर पडत नव्हते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, जास्तीचे लोह टाकून देण्याची सोयच शरीरापाशी नाही. किती लोह अंगात असावे हे ठरते ते केवळ आत घेण्याच्या दारावर. या इतिहासातले मर्म आमच्या मते हेच आहे. प्रौढ माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असते, आणि झडणाऱ्या पेशींबरोबर रोज फक्त एक-दोन मिलिग्रॅम जाते. पाळीच्या वयातील स्त्रियांचे जाणे थोडे अधिक. घराला एकच दार आहे, त्यावर पहारेकरी आहे. मागचे दार नाही.

तोंडाची गोळी या पहारेकऱ्याच्या हातून जाते. सुई त्याला वळसा घालून जाते. दोहोंतला भेद एवढाच, पण तो फार मोठा आहे.

हा पहारेकरी कोण, हे २००० सालानंतर कळले. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक आतड्याचे दार लावून घेते. लोहाची एक मोठी गोळी घेतली की ते वाढते, आणि सुमारे दिवसभर दार अर्धवट बंद राहते. म्हणून झुरिचच्या संशोधकांनी २०१७ साली लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांवर रोज गोळी आणि एक दिवसाआड गोळी अशी तुलना केली. रोज घेतलेल्या गोळीतले सुमारे सोळा टक्के लोह आत गेले, दिवसाआडच्या गोळीतले सुमारे बावीस टक्के. अंगात सूज किंवा जुना जंतुसंसर्ग असला तरीही हेप्सिडिन वाढते; तेव्हा गोळ्यांचा ढीग दिला तरी दार उघडत नाही.

आता एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. पन्नास किलो वजनाची स्त्री आहे आणि तिचे हिमोग्लोबिन ७ आहे. ते १५ वर न्यायचे आणि साठाही भरायचा, तर किती लोह लागेल? गान्झोनी यांचे सूत्र डॉक्टर आजही वापरतात: वजन गुणिले तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. पन्नास गुणिले आठ गुणिले २.४ म्हणजे ९६०. त्यात ५०० मिळवले की १४६० मिलिग्रॅम. साठ मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीतले पाचवा भाग, म्हणजे बारा मिलिग्रॅम आत गेले असे धरले, तर तूट भरायला ८० दिवस लागतील आणि साठा धरून चार महिने. हा हिशेब सोयीचा आहे; रक्त सुधारू लागले की दार पुन्हा आकसते, म्हणून प्रत्यक्षात वेळ अधिकच लागतो. शिवाय मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळा शौच यांना कंटाळून पुष्कळ स्त्रिया गोळी मध्येच सोडतात. आजच्या फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या औषधाने हेच लोह शिरेतून दोन भेटींत देता येते.

मग सर्वांनाच सुई का देऊ नये? घाईसाठी म्हणावे, तर अस्थिमज्जा आपल्या गतीनेच पेशी घडवते. सुईने मिळणारा फायदा बहुधा काही आठवड्यांचाच असतो. सुईचे खरे स्थान तीन ठिकाणी आहे: गोळी सोसतच नाही किंवा आतडे ती शोषत नाही तिथे, रक्त जाण्याचा वेग गोळीपेक्षा जास्त आहे तिथे, आणि बाळंतपण जवळ येऊन वेळच उरलेला नाही तिथे. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुई टाळतात. मोकळ्या लोहाचा विषार टाळण्यासाठी ते साखरेच्या वेष्टनात गुंडाळून देण्याची युक्ती १९४७ पासून रूढ झाली. १९५४ साली लोह-डेक्स्ट्रान आले, पण त्याने काही रुग्णांना प्राणघातक प्रतिक्रिया येत. नवी औषधे पुष्कळ सुरक्षित आहेत. तरीही ती दवाखान्यातच, रुग्णावर नजर ठेवून द्यावी लागतात.

मोठा धोका मात्र निराळाच आहे. वरच्या स्त्रीला लोहाची तूट नसून थॅलॅसेमियाचा सौम्य वारसा असता, तर? तिच्याही पेशी लहान व फिकट दिसल्या असत्या, आणि दोघींत फरक सहज कळला नसता. तिला १४६० मिलिग्रॅम टोचले असते, तर दिवसाला एक मिलिग्रॅम या झिजेने ते चार वर्षांच्या झिजेइतके झाले असते. आणि तेवढ्या काळात जेवणातून येणारे लोह थांबलेले नसते. असे पुन:पुन्हा घडले, तर ते यकृत, हृदय आणि स्वादुपिंड यांत साचते. सतत रक्त घ्यावे लागणाऱ्या मुलांची हीच शोकांतिका असते. एका बाटलीत दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह असते, आणि ते काढायला वेगळी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. म्हणून सुईपूर्वी साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे. सूज असता फेरिटिन खोटे वाढते, हे ध्यानात घेऊन रक्तातल्या लोहवाहकाची भरतीही पाहावी.

लोह हे रक्ताचे एकच साहित्य नव्हे, ही गोष्ट मुंबईने जगाला शिकवली. डॉ. लूसी विल्स १९२८ साली येथे आल्या आणि हाफकिन संस्थेतून त्यांनी कापडगिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांचा अभ्यास केला. या स्त्रियांच्या पेशी लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारातल्या मार्माइटने, त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली ही हकिकत प्रसिद्ध झाली. त्या अर्कातले द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. कोबालामिन म्हणजे बी-१२ हे १९४८ साली शुद्ध मिळाले. त्याच सुमारास एक इशाराही मिळाला: बी-१२ ची तूट असलेल्याला फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. अशा रुग्णाचा फिकटपणा गेला म्हणून निश्चिंत झालेल्या डॉक्टरच्या हातून रुग्णाचे पाय जातात.

साहित्य असूनही हुकूम नसेल तर काय होते, हे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दाखवले. हुकूम देणारे संप्रेरक म्हणजे एरिथ्रोपोएटिन. त्याची कल्पना पॅरिसमध्ये १९०६ साली मांडली गेली. १९७७ साली गोल्डवासर व मियाके यांनी ते माणसांच्या हजारो लिटर मूत्रातून शुद्ध केले. १९८७ साली अमेरिकेत एश्बाख यांनी डायलिसिसच्या रुग्णांना ते दिले. तोवर ते रुग्ण दुसऱ्याच्या रक्तावर जगत, आणि त्यांच्या अंगात लोह साचत असे. आता मज्जा इतक्या जोमाने कामाला लागली की साचलेले लोह उतरू लागले, आणि काहींत तर तूट पडली. सुजेमुळे गोळीचे दार बंद. म्हणून या रुग्णांना सुईच द्यावी लागते. २०१९ साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत दरमहा ४०० मिलिग्रॅम शिरेतून दिले, पण फेरिटिन ७०० च्या वर जाताच हात आवरला. त्या रुग्णांना हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या. एरिथ्रोपोएटिनही मोजूनच द्यावे लागते. हिमोग्लोबिन निरोग्याइतके वर नेण्याचा हट्ट धरला तेव्हा, २००९ च्या चाचणीत, पक्षाघाताचे प्रमाण वाढले.

म्हणून गोळी आणि सुई यांत वैर नाही. जिथे पहारेकरी शाबूत आहे तिथे गोळीच बरी, कारण चूक झाली तरी दार ती सावरते. जिथे दार लागलेले आहे तिथे सुई हवी. पण त्या क्षणापासून पहारेकऱ्याचे काम देणाऱ्याच्या माथी येते. गोळी चालू केल्यावर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एकाने तरी चढले नाही, तर मात्रा वाढवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: गोळी खरोखर पोटात जाते काय, रक्त कुठे जाते आहे काय, आणि तूट लोहाचीच आहे काय. दिलेले लोह परत घेता येत नाही. म्हणून हे प्रश्न ते देण्यापूर्वीच सुटले पाहिजेत.