ताप नसलेला 'मिल्क फिव्हर': व्यायल्यानंतर गाय अचानक खाली का बसते?

समजा, तिसऱ्या वेताची संकरित एचएफ गाय रात्री व्यायली. सकाळी तिने भरपूर चीक दिला. दुपारी ती लडखडू लागली आणि संध्याकाळपर्यंत मान पोटाकडे वळवून बसली. आता ती उठत नाही, कान थंड पडलेत, शेण टाकत नाही. अंगाला हात लावला तर ताप नाही. तरीही या आजाराचं नाव मिल्क फिव्हर, मराठीत दुग्धज्वर. नाव फसवं आहे, कारण इथे ताप नसतो. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं.

ते का घसरतं? गाईच्या रक्तात एका वेळी फिरणारं कॅल्शियम जेमतेम ३ ग्रॅम असतं. दहा लिटर चिकातून मात्र २० ग्रॅमहून जास्त बाहेर जातं. ही तूट हाडांतून भरून निघते, पण त्या यंत्रणेला जागं व्हायला एक-दोन दिवस लागतात. वय वाढेल तशी ती आणखी मंदावते. म्हणून पहिलारू गाय सहसा वाचते, तिसऱ्या वेतापासून धोका वाढतो.

इथेच एक चूक होते. गाभण गाईला 'ताकद यावी' म्हणून शेवटच्या महिन्यात भरपूर कॅल्शियम पाजलं जातं. आयतं मिळाल्यावर शरीर हाडांतून काढायची सवय सोडतं आणि व्यायल्यावर ऐनवेळी कमी पडतं. कॅल्शियम द्यायचं ते व्यायल्यानंतर, डॉक्टरांना विचारून.

गाय बसलीच तर तिला आडवी पडू देऊ नका. पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसवा, नाहीतर पोट फुगतं. तोंडातून काहीही पाजू नका. तिला नीट गिळता येत नाही, औषध फुफ्फुसात जातं. डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश देतात, हृदयाचे ठोके ऐकत. घाईने दिली तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून हा घरचा प्रयोग नाही. बरीच जनावरं तासा-दोन तासांत उभी राहतात. त्यानंतर एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

गाय उठली म्हणजे प्रश्न संपला, असं नाही. या दिवसांत तिचं खाणं कमी झालेलं असतं, दूध मात्र वाढत जातं. ऊर्जा कमी पडली की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून रक्तात कीटोन साठतात. हा कीटोसिस, सहसा व्यायल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात दिसणारा. खूण सोपी: गाय खुराक टाळते, पण कडबा खाते. दूध घटतं, झपाट्याने वाळते. श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो, पण तो सगळ्यांना जाणवत नाही. लघवीची पट्टी जास्त भरवशाची.

यावर गूळ पाजणं हा जुना उपाय. पण गूळ कोठीपोटातच आंबतो, साखर म्हणून रक्तात फारशी पोहोचत नाही. म्हणून डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज देतात आणि पुढे तीन ते पाच दिवस रोज साधारण ३०० मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगतात.