वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असेल तर रेट कसा विचारायचा? पॅकेजमध्ये नक्की काय मिळतं?

दिवाळी दोन महिन्यांवर आली की जिल्ह्याच्या गावातल्या दुकानदाराच्या मोबाइलवर एक मेसेज येतो. "दिवाळी धमाका पॅकेज. एका जाहिरातीवर दोन जाहिराती मोफत. फक्त आजच." दुकानदार फोन करतो आणि विचारतो, "पाव पानाचा रेट काय?" इथेच सौद्याची सूत्रं समोरच्याच्या हातात जातात. कारण वर्तमानपत्राच्या जाहिरातीला ठरलेला असा एकच भाव नसतो.

समजा, कराडमध्ये फर्निचरचं एक दुकान आहे. दिवाळीच्या जाहिरातीसाठी मालकाने 60 हजार रुपये बाजूला ठेवलेत. गिऱ्हाईक मुख्यतः कराड, पाटण आणि आसपासच्या गावांतलं. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर प्रत्येक वर्तमानपत्राचे आणि प्रत्येक आवृत्तीचे वेगळे असतात, पण हिशोबाची रीत हीच.

दर पानावर नाही, चौरस सेंटीमीटरवर

जाहिरातीची जागा चौरस सेंटीमीटरमध्ये मोजतात. रुंदी आधी सांगतात, उंची नंतर. "12 बाय 15" म्हणजे 12 सेंटीमीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर उंच, एकूण 180 चौरस सेंटीमीटर. मोठ्या आकाराच्या दैनिकाचं पान साधारण आठ कॉलमचं असतं आणि एक कॉलम चार सेंटीमीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे उंची हवी तेवढी घेता येते, रुंदी मात्र कॉलमच्या पटीतच मिळते. 13 सेंटीमीटर रुंदीचं डिझाइन करून नेलं तर अनेकदा चार कॉलमचे, म्हणजे 16 सेंटीमीटरचे पैसे लागतात. म्हणून डिझाइन करायला देण्याआधी त्या वर्तमानपत्राच्या कॉलमची मापं मागून घेतलेली बरी.

छापील दरपत्रकातला दर म्हणजे "कार्ड रेट". त्या दराने स्थानिक दुकानदाराने जाहिरात दिल्याचं क्वचितच ऐकायला मिळेल. 50 टक्के सूट ऐकायला मोठी वाटते, पण ती ज्या आकड्यावर दिली जाते तो आकडाच मुळात सूट देण्यासाठी वर ठेवलेला असतो. त्यामुळे सूट किती टक्के हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि शेवटी एका चौरस सेंटीमीटरला किती रुपये पडतात तेवढंच विचारावं.

त्यावर आवृत्तीचा प्रश्न येतो. मोठ्या मराठी दैनिकांच्या एका विभागीय आवृत्तीत अनेक जिल्हे असतात. कराडच्या दुकानाची जाहिरात पूर्ण कोल्हापूर विभागात लावली तर गडहिंग्लजच्या वाचकाचेही पैसे भरावे लागतात, आणि तो सोफा घ्यायला कराडला येणार नाही. फक्त सातारा जिल्ह्याचं पान किंवा पुरवणी मिळते का, हे विचारल्यावर दर बराच खाली येतो. अनेकदा प्रतिनिधी हा पर्याय आपणहून सांगत नाही.

विचारायचं कसं?

फोनवर सांगितलेला दर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, म्हणून चौकशी लेखी करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर केली तरी चालते. मेसेज असा असू शकतो:

"नमस्कार. आमचं कराडमध्ये फर्निचरचं दुकान आहे. सातारा जिल्हा आवृत्तीत 12 बाय 15 आकाराची रंगीत जाहिरात दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत तीन वेळा द्यायची आहे. आतील पान आणि पान तीन, दोन्हीचे दर कळवावेत. दरात जीएसटी धरला आहे की नाही, आणि कराड व पाटण तालुक्यांत अंकाच्या किती प्रती येतात, हेही कळवावं."

या मेसेजमध्ये बजेट सांगितलेलं नाही. 60 हजार म्हटलं की 59 हजारांचं पॅकेज तयार होतं. हाच मेसेज दोन-तीन वर्तमानपत्रांना पाठवला की एकाच मापाचे दर समोर येतात आणि तुलना करता येते.

प्रतींच्या प्रश्नाला बहुधा "आमचे वाचक पाच लाख" असं उत्तर येतं. खप आणि वाचकसंख्या या वेगळ्या गोष्टी. एक अंक घरातले चौघे वाचतात असं धरलं की आकडा आपोआप चौपट होतो. 1948 पासून काम करणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था दर सहा महिन्यांचा खप तपासून प्रमाणपत्र देते, पण ते तिच्या सभासद प्रकाशनांपुरतंच. छोट्या स्थानिक दैनिकाकडे ते बहुतेक वेळा नसतं. अशा वेळी गावातल्या पेपर विक्रेत्याला विचारावं. पहाटे कोणत्या पेपरचे किती गठ्ठे उतरतात आणि किती अंक परत जातात, हे त्याच्याइतकं खरं कुणाला माहीत नसतं.

एकावर दोन मोफत?

कराडच्या मालकाला आलेली ऑफर अशी होती. कार्ड रेट 240 रुपये, सूट धरून 120. जाहिरात 16 बाय 25, म्हणजे 400 चौरस सेंटीमीटर. किंमत 48 हजार, त्यावर 5 टक्के जीएसटी 2,400, एकूण 50,400. त्यावर त्याच आकाराच्या दोन जाहिराती मोफत. हिशोब केला तर एक जाहिरात 16,800 रुपयांना पडते. सौदा उत्तम दिसतो.

फक्त मोफत जाहिरातींपुढे "जागेच्या उपलब्धतेनुसार" असे शब्द होते. दिवाळीच्या आधी पानावर जागा नसते, म्हणजे त्या दोन जाहिराती दिवाळी संपल्यावर लागणार, तेव्हा फर्निचर कोण घेतो? कामाची जाहिरात एकच उरते आणि ती 50,400 रुपयांना पडते.

मालकाने आकार कमी केला आणि तारखा धरून ठेवल्या. 12 बाय 15 च्या दोन जाहिराती पैसे देऊन, तिसरी मोफत, पण तिन्ही दिवाळीच्या आधी आणि तिन्हींच्या तारखा आधीच ठरवून. 180 चौरस सेंटीमीटरला 120 रुपये म्हणजे एकीचे 21,600. दोन जाहिरातींचे 43,200, जीएसटी 2,160, एकूण 45,360. कामाची प्रत्येक जाहिरात 15,120 रुपयांना पडली. एका चौरस सेंटीमीटरचा दर एका रुपयानेही कमी झाला नव्हता, बदलल्या फक्त आकार आणि तारखा.

घासाघीस बहुतेकदा अशीच होते. प्रतिनिधीला दर खाली आणायला वरिष्ठांची परवानगी लागते, कारण एका गिऱ्हाइकाला दिलेला दर दुसऱ्याला कळतो. पानाची जागा, मोफत जाहिरात, वाराची निवड या गोष्टी मात्र त्याच्या हातात बऱ्यापैकी असतात. पान एक किंवा शेवटचं पान यांसाठी वाढीव आकार घेतात. आतल्या विशिष्ट पानाचा वाढीव आकार माफ करून मागता येतो. महिनाअखेरीला त्याचं उद्दिष्ट पुरं व्हायचं असतं, तेव्हा तो जास्त ऐकतो. दिवाळीच्या ऐन आठवड्यात तो अजिबात ऐकत नाही, म्हणून तारखा दीड-दोन महिने आधी ठरवाव्यात. दिवाळीतल्या काही दिवशी अंकच निघत नाही, तेही आधी विचारून घ्यावं.

तालुक्याचा वार्ताहर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरात मागायला येतो, तो भाग वेगळा. ती बरीचशी ओळखीपोटी दिली जाते. पुरवणीत सलग पानंच्या पानं शुभेच्छांची असतात आणि त्यात फर्निचर शोधायला कुणी जात नाही. द्यायची असेल तर लहान द्यावी आणि विक्रीच्या हिशोबात धरू नये. "सोबत बातमीही लावतो" असं कुणी म्हटलं तर थांबावं. जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखता आली पाहिजे, असं प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात.

न्यूज पोर्टलचं गणित वेगळं

स्थानिक पोर्टलने महिन्याचे 12 हजार मागितले आणि "महिन्याला तीन लाख व्ह्यूज" असं सांगितलं. तीन लाख वेळा जाहिरात दिसली तर हजार वेळांना 40 रुपये पडतात. मालकाने एकच प्रश्न विचारला, "या जागेवर आणखी कुणाच्या जाहिराती फिरतात?" उत्तर आलं, आणखी तिघांच्या. म्हणजे त्याच्या वाट्याला 75 हजार, आणि हजार वेळांचा दर 160 रुपये. बॅनर पानाच्या तळाशी असेल तर तिथपर्यंत वाचक पोहोचतच नाही.

दुसरा प्रश्न, सातारा जिल्ह्यातले वाचक किती? गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये शहरानुसार आकडे दिसतात आणि त्याचा स्क्रीनशॉट मागायला हरकत नाही. पुण्या-मुंबईतले वाचक जास्त निघाले तर दर खाली आणायला ते पुरेसं कारण आहे. छापील जाहिरातीला 5 टक्के जीएसटी आहे, ऑनलाइन जाहिरातीला 18 टक्के. नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानाला तो परत जमा करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला तो खर्चातच धरावा लागतो.

ठरलेलं कागदावर

सौदा झाला की रिलीज ऑर्डर करतात. धंद्यात तिला "आरओ" म्हणतात. तिच्यावर आकार, रंगीत की कृष्णधवल, आवृत्ती, पान, प्रत्येक जाहिरातीची तारीख, मोफत जाहिरातीचीही तारीख, दर आणि करासह एकूण रक्कम हवी. तारीख चुकली किंवा छपाईत चूक झाली तर भरपाईची जाहिरात कधी मिळेल, ती ओळही हवी. पैसे कंपनीच्या खात्यावर द्यावेत. प्रतिनिधी स्वतःचा यूपीआय क्रमांक देत असेल तर तो नाकारावा.

डिझाइन वर्तमानपत्रानेच केलं असेल तर छापण्याआधी प्रूफ मागून फोन नंबर स्वतः डायल करून पाहावा. जाहिरातदाराने मंजूर केलेल्या प्रूफमध्ये चूक राहिली तर भरपाई मिळत नाही. छापून आल्यावर बिलासोबत त्या दिवसाचा अंक मागावा आणि पट्टी घेऊन जाहिरात मोजावी. 15 सेंटीमीटरच्या जागी 14 भरली तर मापाप्रमाणे बिल कमी करून घेता येतं.