बेगममधला ‘माझा’

वर्गात हजेरी घेताना ‘बेग’ हे आडनाव आणि ‘बेगम’ हे नाव मी वर्षानुवर्षे पुकारत आलो. दोघांत नाते आहे हे लक्षात आले, ते तुर्की शिकू लागल्यावर.

‘बेग’ म्हणजे सरदार. त्याला ‘माझा’ या अर्थाचा तुर्की प्रत्यय लागून ‘बेगम’ झाले, असे शब्दकोशकार मानतात. ‘खान’वरून ‘खानम’ही तसेच. बाबर चगताई तुर्कीत लिहीत असे. त्याच्या मुलीचे नाव गुलबदन बेगम आणि आईचे कुतलुग निगार खानम. दरबारात आदराचा झालेला हा शब्द मुळात आपलेपणाचा होता. आजच्या तुर्कीत ‘हानम’ म्हणजे बाईसाहेब.

आजही तुर्की माणूस असेच लाडके शब्द घडवतो. जान, हयात, इश्क हे आपल्या उर्दूचेच सोबती. तिथे त्यांचे उच्चार जान, हायात, आश्क असे होतात. ‘माझा’चा प्रत्यय लागला की जानम, हायातम, आश्कम. मात्र आपल्या ‘जानम’मधला ‘अम’ फारसी आहे. दोन भाषांचे प्रत्यय योगायोगाने एकाच वळणावर भेटले.

आणखी जिव्हाळा हवा असेल तर मध्ये ‘लहानगा’ या अर्थाचा ‘जिक’ घालतात. क्रम ठरलेला आहे: आधी शब्द, मग जिक, शेवटी माझा. आईला ‘आन्ने’ म्हणतात. आन्ने, जिक, इम जोडले तर ‘आन्नेजिकिम’ व्हायला हवे. मीही पहिल्यांदा वहीत तसेच लिहिले, आणि ते चुकले. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘क’ मऊ ‘ग’ होतो, तो जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून ‘आन्नेजीइम’; बोलताना तर नुसते ‘आन्नेजिम’.

स्वरही शब्दाच्या शेवटच्या स्वराशी जुळवून घेतो. ए किंवा इ असेल तर जिक, आ असेल तर जक, ओ किंवा उ असेल तर जुक. म्हणून बाबांसाठी ‘बाबाजअम’. शब्दाच्या शेवटी त, क, श, स असा कठोर वर्ण असेल तर ‘ज’चा ‘च’ होतो. तुर्की लोक आपल्या सैनिकाला प्रेमाने ‘मेहमेतचिक’ म्हणतात, ते यामुळेच.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘माझा’ न लावता मोठ्या माणसाला नुसते ‘जिक’ जोडले, तर त्यात ‘बिचारा’ अशी कीव किंवा हेटाळणी येऊ शकते. माया येते ती शेवटच्या ‘म’ने.

आता हजेरीत ‘बेगम’ म्हणताना मला तो ‘म’ ऐकू येतो.